त्रुटीचा अहवाल आल्यानंतर : ‘बग बाउंटी’तील छाननीची रीत

एप्रिल २०२१ मध्ये सोलापूरच्या मयूर फरताडे या विद्यार्थ्याने ‘फेसबुक’ कंपनीकडे एक अहवाल पाठविला. ‘इन्स्टाग्राम’वर एखाद्याने आपले खाते खासगी ठेवले असले, तरी त्याला न अनुसरणाऱ्या परक्या माणसालाही त्याच्या विशिष्ट पोस्टचा तपशील मिळवता येतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याच वर्षी जूनच्या मध्यास कंपनीने त्याला ३० हजार डॉलरचे, म्हणजे सुमारे २२ लाख रुपयांचे, बक्षीस दिले. वृत्तपत्रांतून ही रक्कम गाजली. अहवाल पोहोचल्यापासून बक्षीस मिळेपर्यंतच्या दोन महिन्यांत त्या कागदाचे नेमके काय झाले, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

आपल्या संगणक प्रणालीतील सुरक्षेची त्रुटी शोधून ती गुपचूप कळविणाऱ्या बाहेरच्या संशोधकाला मोबदला देण्याच्या योजनेला ‘बग बाउंटी’ म्हणतात. ‘फेसबुक’ने (ऑक्टोबर २०२१ पासून कंपनीचे नाव ‘मेटा’) अशी योजना २०११ मध्ये सुरू केली. येणाऱ्या प्रत्येक अहवालाची कंपनीच्या आत जी पहिली तपासणी होते, तिला ‘ट्रिआज’ म्हणतात. रणांगणावरील जखमींपैकी आधी कोणावर उपचार करायचे हे ठरविण्याच्या पद्धतीवरून हा शब्द आला आहे. अहवालाच्या छाननीतही तीन कामे ओळीने येतात : सांगितलेली त्रुटी स्वतः पुन्हा घडवून पाहणे, तिचे गांभीर्य ठरविणे आणि संशोधकाला उत्तर लिहिणे. ही तिन्ही कामे कशी होतात आणि कुठे चुकतात, हे सोलापूरच्या या प्रकरणावरून चांगले समजते.

अहवालात काय होते

‘इन्स्टाग्राम’वरील प्रत्येक छायाचित्राला वा चित्रफितीला एक क्रमांक असतो. त्याला ‘मीडिया आयडी’ म्हणतात. जाहिरातींशी संबंधित कामासाठी सर्व्हरवर माहिती मागण्याचे एक दार होते. तिथे हा क्रमांक देऊन विचारणा केली की त्या पोस्टचा तपशील परत येई. तिला किती जणांनी पसंती दिली, किती प्रतिक्रिया आल्या, किती जणांनी ती जपून ठेवली, हे त्यात असे. आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष चित्राचा पत्ताही असे. विचारणा करणारी व्यक्ती ही पोस्ट पाहण्यास पात्र आहे काय, हा एक प्रश्न विचारायचे ते दार विसरले होते. त्यामुळे खासगी पोस्ट, मालकाने ‘आर्काइव्ह’मध्ये हलविलेली पोस्ट आणि चोवीस तासांत दिसेनाशी होणारी ‘स्टोरी’ यांचे संरक्षण तेवढ्यापुरते निकामी झाले होते.

फरताडे याने प्रसिद्ध केलेल्या घटनाक्रमानुसार अहवाल १६ एप्रिलला गेला. १९ एप्रिलला कंपनीने अधिक माहिती मागितली आणि त्याने ती त्याच दिवशी पुरविली. २२ एप्रिलला अहवाल ‘ट्रिआज’ झाल्याचे, म्हणजे त्रुटी खरी असल्याचे मान्य करून ती दुरुस्तीसाठी पुढे पाठविल्याचे, त्याला कळले. दुसऱ्याच दिवशी त्याला तीच माहिती देणारे आणखी एक दार सापडले. २९ एप्रिलला दुरुस्ती झाली. यातील १९ ते २२ एप्रिल हे दिवस छाननीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होत.

पुन्हा घडवून पाहणे

अशा अहवालाची तपासणी करताना छाननीकार सर्वप्रथम दोन नवी चाचणी खाती उघडतो. त्यांना ‘क’ आणि ‘ख’ म्हणू. ‘क’ हे खासगी खाते. त्यावर तो एक सहज ओळखू येईल असे चित्र टाकतो, उदाहरणार्थ त्या दिवशीची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद. ‘ख’ हे ‘क’ला न अनुसरणारे परके खाते. दोन्ही खाती दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये उघडलेली असावी लागतात. मग ‘ख’च्या नावाने, परंतु ‘क’च्या पोस्टचा क्रमांक देऊन विनंती पाठविली जाते. तिचे सर्वसाधारण रूप असे असते :

```
POST /api/media/details
Cookie: session=ACCOUNT_B

id=POST_OF_ACCOUNT_A
```

उत्तरात तारखेचा कागद दिसला, तर त्रुटी घडली असे म्हणता येते. परंतु ती सिद्ध झाली असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी आणखी तीन विनंत्या पाठवाव्या लागतात. पहिली ‘क’च्या स्वतःच्या नावाने, म्हणजे मालकाला काय दिसायला हवे ते कळते. दुसरी कोणत्याही खात्यात प्रवेश न करता, म्हणजे हल्लेखोराला खाते तरी लागते की नाही ते कळते. तिसरी नेहमीच्या दाराकडे, म्हणजे ॲप ज्या मार्गाने पोस्ट दाखवते त्या मार्गाने, ‘ख’च्या नावाने. तेथे नकार मिळाला आणि जाहिरातींच्या दाराने मात्र होकार दिला, तरच दोष नेमका त्या दारात आहे हे ठरते.

या टप्प्यावर दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली चूक, नसलेली त्रुटी दिसण्याची. छाननीकाराने काही वेळापूर्वी तेच चित्र ‘क’च्या खात्यातून पाहिलेले असते आणि ब्राउझरने जपून ठेवलेली प्रत ‘ख’च्या खिडकीत समोर येते. किंवा छाननीकाराचे खाते कर्मचाऱ्याचे असते आणि त्याला इतरांपेक्षा अधिक पाहण्याचा अधिकार असतो. आणखी एक फसवा प्रकार चित्राच्या पत्त्याचा. ‘इन्स्टाग्राम’सारख्या सेवांत चित्राचा लांबलचक पत्ता ज्याच्या हाती असेल त्याला ते चित्र काही काळ प्रवेशाशिवाय उघडते, तो पत्ता कालांतराने बाद होतो. मित्राने पाठविलेला पत्ता उघडला एवढ्यावर आधारलेले अहवाल म्हणूनच बहुधा नाकारले जातात. सोलापूरच्या अहवालातील मुद्दा वेगळा होता. येथे परक्याला नवा, चालणारा पत्ता सर्व्हरकडूनच हवा तेव्हा मिळत होता.

दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे असलेली त्रुटी न दिसण्याची. तिचे प्रसिद्ध उदाहरण ऑगस्ट २०१३ मधले आहे. खलिल श्रेतेह या पॅलेस्टिनी संशोधकाने ‘फेसबुक’ला कळविले, की मैत्री नसतानाही कोणाच्याही भिंतीवर मजकूर टाकता येतो. पुरावा म्हणून त्याने अशा रीतीने टाकलेल्या एका पोस्टचा दुवा दिला. छाननीकाराने दुवा उघडला, तर त्याला केवळ त्रुटीसंदेश दिसला. कारण साधे होते : ती पोस्ट ज्या महिलेच्या भिंतीवर होती तिने ती केवळ मित्रांसाठी खुली ठेवली होती आणि छाननीकार तिचा मित्र नव्हता. म्हणजे त्रुटी घडलेली होती. ती पाहण्याची परवानगी तेवढी पाहणाऱ्याकडे नव्हती. संशोधकाने हे कारण सांगितल्यानंतरही ‘ही त्रुटी नव्हे’ असे उत्तर गेले. मग त्याने थेट मार्क झुकरबर्ग यांच्या भिंतीवर मजकूर टाकून दाखविला आणि काही मिनिटांतच कंपनीचे अभियंते त्याच्याशी बोलू लागले.

यातून छाननीचा एक व्यावहारिक नियम निघतो. पुराव्याचा दुवा उघडून पाहणे म्हणजे त्रुटी पुन्हा घडवून पाहणे नव्हे. दुव्यात दिसतो तो परिणाम. छाननीकाराने तपासायची असते ती कृती. श्रेतेहच्या अहवालात कृतीच्या पायऱ्या नव्हत्या, हे खरेच. परंतु अशा वेळी योग्य उत्तर ‘नाही’ हे नसून ‘कोणती विनंती पाठविली ते सांगा’ हे असते. २०२१ मध्ये १९ एप्रिलला कंपनीने अधिक माहिती मागितली, ती नकार देण्याआधीची हीच पायरी होय.

गांभीर्य ठरविणे

त्रुटी खरी ठरली, की प्रश्न येतो तो किती गंभीर याचा. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक मोजपट्टी आहे, ‘सीव्हीएसएस’. हल्ला दुरून करता येतो काय, त्याला विशेष परिस्थिती लागते काय, हल्लेखोराला खाते लागते काय, पीडित व्यक्तीने काही करावे लागते काय आणि माहितीची गुप्तता, अचूकता व उपलब्धता यांपैकी कशाला किती धक्का बसतो, अशा प्रश्नांची उत्तरे दिली की ० ते १० मधील एक आकडा मिळतो. कंपनीने या प्रकरणात असा आकडा जाहीर केलेला नाही. परंतु मोजपट्टी कशी चालते हे पाहण्यासाठी ती येथे लावून पाहता येते.

हल्ला महाजालावरून होतो, हल्लेखोराला एक साधे खाते पुरते, पीडिताला काहीच करावे लागत नाही आणि केवळ गुप्ततेचा भंग होतो. एवढे धरले, तर ३.१ आवृत्तीनुसार सारा वाद एका प्रश्नावर येऊन ठेपतो : मीडिया आयडी माहीत असणे ही अवघड अट मानायची की सोपी?

```
AV:N/AC:L/PR:L/UI:N/S:U/C:H/I:N/A:N   6.5
AV:N/AC:H/PR:L/UI:N/S:U/C:H/I:N/A:N   5.3
```

पहिल्या ओळीत अट सोपी मानली आहे, दुसरीत अवघड. फरक एकाच अक्षराचा आहे. ते अक्षर अंदाजाने न भरता क्रमांकाची रचना पाहूनच भरावे लागते. ‘इन्स्टाग्राम’च्या अभियंत्यांनी ही रचना स्वतःच प्रसिद्ध केली होती. क्रमांकाचा मोठा भाग म्हणजे पोस्ट टाकल्याची वेळ, मिलिसेकंदापर्यंत. त्यापुढे खातेदाराची माहिती ज्या विभागात साठविली जाते त्या विभागाचा क्रमांक. आणि शेवटी १,०२४ शक्यतांपैकी एक अनुक्रमांक. त्याच व्यक्तीची एखादी जुनी पोस्ट माहीत असेल, तर विभाग कळतोच. उरते ती वेळ आणि अनुक्रमांक.

आता हिशेब करू. पोस्ट कोणत्या सेकंदाला पडली हे हल्लेखोराला माहीत आहे असे धरले, तर त्या सेकंदातील १,००० मिलिसेकंद गुणिले १,०२४, म्हणजे १० लाख २४ हजार शक्यता उरतात. सेकंदाला १० प्रयत्न करता आले, तर त्या तपासायला सुमारे २८ तास लागतील. परंतु केवळ दिवस माहीत असेल, तर या वेळेला ८६,४०० ने गुणावे लागते आणि उत्तर सुमारे २८० वर्षे येते. अनेक खाती वापरून हा काळ कमी करता येतो. तरीही एका विशिष्ट व्यक्तीची कधीच न पाहिलेली पोस्ट अंदाजाने शोधणे अवघड आहे, एवढे यातून स्पष्ट होते.

मात्र छाननी येथेच थांबली तर निष्कर्ष चुकेल. क्रमांक कळण्याचा अंदाज हा एकच मार्ग नसतो. ‘इन्स्टाग्राम’वरील पोस्टच्या दुव्यात जी अक्षरांची छोटी साखळी असते, ती म्हणजे तोच क्रमांक वेगळ्या लिपीत लिहिलेला असतो. एखाद्या तरुणीने पूर्वी सर्वांसाठी खुली असलेली छायाचित्रे त्रास होऊ लागल्यावर ‘आर्काइव्ह’ केली किंवा खाते खासगी करून काही जणांना काढून टाकले, तर ज्यांनी दुवे जपून ठेवले होते त्यांच्याकडे क्रमांक आधीपासूनच आहे. त्यांना अंदाज करावाच लागत नाही. आणि तिने ज्यांच्यापासून छायाचित्रे लपविली, ते नेमके हेच लोक असण्याचा संभव सर्वांत अधिक. म्हणून न पाहिलेल्या पोस्टसाठी दुसरी ओळ योग्य ठरते आणि ‘आर्काइव्ह’ केलेल्या पोस्टसाठी पहिली. एकाच त्रुटीच्या दोन वापरांपैकी जो अधिक घातक, तोच गांभीर्यासाठी धरायचा असतो.

दोन्ही आकडे मोजपट्टीवर ‘मध्यम’ या वर्गातच पडतात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ३० हजार डॉलरचे बक्षीस मध्यम आकड्याशी जुळत नाही असे वाटेल. याचे कारण असे, की ही मोजपट्टी माहिती किती उघडी पडली ते सांगते. ती माहिती कोणाची आणि कशाची हे सांगत नाही. कारखान्याच्या कच्च्या मालाची यादी आणि कोणाचे तरी खासगी छायाचित्र यांना ती सारखेच गुण देईल. ज्या सेवेचा सारा व्यवहार लोकांच्या छायाचित्रांवर चालतो, तिच्यासाठी ‘कोण पाहू शकते’ हा नियम मोडणे ही वरच्या दर्जाची घटना ठरते. छाननीकाराने आकडा लिहावा; पण त्याखाली नुकसान कोणाचे आणि कोणते हे साध्या शब्दांत एक-दोन ओळींत लिहावे. दुरुस्ती करणारा अभियंता आकड्यापेक्षा त्या ओळी वाचून काम हाती घेतो.

गांभीर्य ठरविण्याच्याच टप्प्यावर आणखी एक प्रश्न विचारायचा असतो : हीच चूक शेजारी कुठे आहे काय? परवानगी तपासायचे एक दार विसरले असेल, तर त्याच चमूने लिहिलेली दुसरी दारेही विसरलेली असण्याचा संभव असतो. २३ एप्रिलला फरताडेला दुसरे दार सापडले, ते याचेच उदाहरण. असा दुसरा अहवाल आला, की तो ‘आधीच माहीत असलेला’ म्हणून बंद करण्याचा मोह होतो. कसोटी सोपी आहे : पहिल्या दाराची दुरुस्ती केल्याने दुसरे आपोआप बंद होते काय? होत असेल तर ती एकच त्रुटी. होत नसेल तर दुसरीची स्वतंत्र नोंद करावी लागते.

उत्तर लिहिणे

सोलापूर वा किनवटसारख्या गावात घरी बसून अहवाल लिहिणाऱ्याला कंपनीचा माणूस कधी भेटत नाही. त्याच्या दृष्टीने कंपनी म्हणजे तिच्याकडून आलेली पाच-सात ओळींची पत्रे. शिवाय त्याच्या हाती त्या वेळी एक उघडी त्रुटी असते. पत्र समजले नाही किंवा अपमानकारक वाटले, तर तो काय करील याचे उत्तर २०१३ मध्ये मिळालेच आहे. म्हणून उत्तर हे सौजन्याचे काम असते, तसेच सुरक्षेचेही असते.

त्रुटी मान्य केल्याचे पत्र चार गोष्टी सांगते : काय करून पाहिले, काय दिसले, संशोधकाने आता काय करू नये आणि पुढची खबर केव्हा मिळेल. नमुन्यादाखल असे पत्र पाहा :

‘आपण दिलेल्या पायऱ्यांप्रमाणे आम्ही दोन चाचणी खाती वापरून पाहिले. खासगी खात्यातील पोस्टचे चित्र परक्या खात्याला मिळाले. खात्यात प्रवेश न करता मात्र मिळाले नाही. अहवाल दुरुस्तीसाठी संबंधित चमूकडे दिला आहे. दुरुस्ती होईपर्यंत कृपया इतर वापरकर्त्यांच्या पोस्टवर प्रयोग करू नयेत व तपशील प्रसिद्ध करू नये. बक्षिसाचा निर्णय दुरुस्तीनंतर होईल. काहीही घडले नाही तरी दोन आठवड्यांत आम्ही आपल्याला कळवू.’

या पत्रात रकमेचा उल्लेख नाही, कारण गांभीर्याचा अंतिम निर्णय झालेला नसतो आणि दिलेला शब्द मागे घेणे अवघड असते. ‘प्रवेश न करता मात्र मिळाले नाही’ हे वाक्य महत्त्वाचे आहे. छाननीकाराने खरोखर तपासले हे त्यातून कळते. आणि त्याची काही चूक झाली असेल, तर संशोधक लगेच ती दाखवू शकतो.

नकाराचे पत्र लिहिणे यापेक्षा अवघड. त्यात ‘ही त्रुटी नव्हे’ हे वाक्य एकटे कधीच असू नये. कोणत्या खात्याने, कोणती कृती करून, काय दिसले ते लिहावे आणि शेवटी कोणता पुरावा मिळाल्यास निर्णय बदलेल ते सांगावे. श्रेतेहला ‘दुवा उघडल्यावर आम्हाला त्रुटीसंदेश दिसतो, आमचे खाते त्या व्यक्तीच्या मित्रयादीत नाही. आपण पाठविलेली विनंती व दोन चाचणी खात्यांवरील प्रयोग कळवावा’ एवढे लिहिले असते, तर पुढचे सारे टळले असते. कंपनीच्या सुरक्षा विभागानेही नंतर संवादात आपली चूक झाल्याचे आणि अधिक तपशील मागायला हवा होता हे मान्य केले. रोज शेकडो अहवाल येतात आणि त्यांतील बरेच निरुपयोगी असतात, हे त्यांचे स्पष्टीकरणही खरेच होते.

अंतिम पत्रात निर्णयाचे कारण यावे लागते. फरताडेला आलेल्या बक्षीसपत्रात, विशिष्ट पोस्ट परक्याला पाहता आली असती हे मान्य करताना त्यासाठी तिचा मीडिया आयडी माहीत असणे आवश्यक होते, ही मर्यादाही नोंदविलेली होती. संशोधकाने धोका जेवढा मांडला होता, त्यातील किती मान्य झाला आणि कोणत्या अटीवर, हे त्याला यातून समजते.

दोन प्रकरणांतील आणखी एक भेद छाननीच्या कक्षेत येतो. श्रेतेहची त्रुटी खरी ठरूनही कंपनीने त्याला बक्षीस दिले नाही, कारण त्याने प्रयोग खऱ्या माणसांच्या खात्यांवर, त्यांच्या संमतीवाचून केले होते. पुढे इतर संशोधकांनी वर्गणी काढून त्याला दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम जमवून दिली. भारतात तर परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणक प्रणालीत शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली येणारा विषय आहे. योजनेच्या अटी म्हणजेच संशोधकाला मिळालेली परवानगी आणि तिची सीमा. म्हणूनच अहवाल हाती आल्यावर सावध छाननीकार पायऱ्या वाचण्याआधी एक गोष्ट पाहतो : पुराव्यात दिसणारी खाती कोणाची आहेत. ती संशोधकाची स्वतःची असतील तर काम सरळ पुढे जाते. नसतील, तर त्रुटीची तपासणी थांबवायची नसते. मात्र पहिल्याच उत्तरात ते प्रयोग थांबविण्याची स्पष्ट सूचना जावी लागते.